नेल स्टुडिओचं रेटकार्ड टेबलाच्या तासावरून कसं बसवायचं

नेल स्टुडिओचं पहिलं रेटकार्ड बहुतेक वेळा शेजारच्या स्टुडिओचं इन्स्टाग्राम बघून तयार होतं. त्यांचा सेट १,४९९ ला, मग आपला १,३९९ ला. फुल सेटच्या बाबतीत हे कसंबसं चालून जातं, कारण तिथे रक्कम मोठी असते आणि चूक झाली तरी थोडं सुटतं. पैसे गळतात ते छोट्या कामांत. एक तुटलेलं नख, नवीन सेटच्या आधीचं 'फ्री रिमूव्हल', दोन बोटांवरची फुलं. या कामांचे दर कुणी हिशेब करून ठरवत नाही. गिऱ्हाईक समोर बसल्यावर तोंडाला येईल तो आकडा सांगितला जातो आणि शनिवारी संध्याकाळी टेबल भरलेलं असूनही गल्ल्यात काही दिसत नाही.

हिशेब समजायला एक स्टुडिओ डोळ्यासमोर धरू. नाशिकमध्ये आतल्या गल्लीत छोटा गाळा, दोन टेबलं. एकावर मालकीण स्वतः, दुसऱ्यावर कोर्स करून आठ-दहा महिने झालेली ज्युनियर. मुख्य काम सॉफ्ट जेलच्या पूर्ण नखभर बसणाऱ्या टिप्स आणि वर एक रंग जेल पॉलिश. पुढचे सगळे आकडे या मानलेल्या स्टुडिओचे आहेत. तुमच्या बिलांवरून तुमचे आकडे घाला, रीत तीच राहील.

आधी टेबलाचा तास

महिन्याचा असा खर्च लिहून काढा, जो एकही गिऱ्हाईक आलं नाही तरी होणार आहे. आपल्या स्टुडिओत भाडं १५,०००, लाईट बिल ४,०००, फोन आणि जाहिरात ३,०००, साफसफाईच्या मावशी २,०००, टॉवेल धुलाई १,०००, लॅम्प-ई-फाइल-खुर्च्यांची झीज २,०००, नवीन काही शिकण्यासाठी १,०००. एकूण २८,०००. पगार यात धरलेले नाहीत, ते वेगळे येतील. झीज मात्र विसरू नका. एलईडी लॅम्प एक दिवस बंद पडतोच, आणि त्या दिवशीचा खर्च 'अचानक' म्हणून खिशातून जातो.

आता हे २८,००० किती तासांवर वाटायचे? स्टुडिओ सकाळी अकरा ते रात्री आठ उघडा असतो, महिन्यातून २६ दिवस. म्हणजे एका टेबलाचे २३४ तास झाले. पण त्यातले किती तास खरंच पैसे देणारं गिऱ्हाईक समोर होतं? मागच्या महिन्याची अपॉइंटमेंटची वही काढा आणि मोजा. सकाळ रिकामी, मंगळवार रिकामा, कुणी ऐनवेळी रद्द केलेलं. चांगल्या चाललेल्या स्टुडिओतही निम्मे तास भरले तर खूप. आपण मालकिणीचे १२० आणि ज्युनियरचे १०० तास धरू, मिळून २२०. २८,००० ला २२० ने भागलं की तासाला साधारण १३० रुपये येतात. टेबलावर कुणीही बसलं तरी हे १३० लागणारच.

यात आता हाताची मजुरी मिळवायची. मालकिणीने स्वतःला महिना ३६,००० पगार धरला तर १२० तासांवर तासाचे ३००. "मालकीण मीच, मला कसला पगार" असं म्हणून हा आकडा शून्य धरणं फार सर्रास चालतं. मग रेटकार्ड स्वस्त होतं, पण उद्या तिच्या जागी कुणी ठेवायची वेळ आली की त्या दरात काम करणं परवडत नाही. ज्युनियरचा पगार १५,०००, तिच्या १०० तासांवर तासाचे १५०.

म्हणजे सीनियरचा एक तास ४३० रुपये, ज्युनियरचा २८०. हे दोन आकडे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टेबलाच्या खणात चिकटवा. पुढचं सगळं यांच्यावर उभं आहे.

घड्याळ कधी सुरू आणि कधी बंद

"सेटला किती वेळ लागतो?" असं विचारलं की उत्तर येतं दीड तास. हा दीड तास टिप लावायला सुरुवात केल्यापासून शेवटचा टॉप कोट लॅम्पमधून निघेपर्यंतचा असतो. भाव काढायला हा वेळ चालत नाही. गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की घड्याळ सुरू होतं, आणि टेबल पुसून, अवजारं निर्जंतुक करायला टाकून पुढच्या गिऱ्हाइकाला "या, बसा" म्हणता आलं की बंद.

आठवडाभर प्रत्येक कामाचे तुकडे मोजा: हात सॅनिटाइझ करून रंग आणि आकार ठरवणं, क्युटिकलची तयारी, टिप्सचे साइझ काढणं, टिप लावून फ्लॅश क्युअर, पूर्ण क्युअर, आकार देणं, रंगाचे दोन हात, टॉप कोट, तेल, फोटो, पैसे, आवराआवर. रंग ठरवण्यात किती वेळ जातो हे पहिल्यांदा मोजणाऱ्याला पटत नाही. शेड-कार्ड हातात देऊनही दहा-बारा मिनिटं सहज जातात. आपल्या स्टुडिओत असं सगळं धरून सीनियरचा साधा सेट दोन तासांत होतो, ज्युनियरचा तीन तासांत.

सर्वात जलद किंवा सर्वात रेंगाळलेला सेट भावासाठी धरू नका. दहा सेटचे वेळ लिहा आणि मधला घ्या. हा तुमचा ठरलेला वेळ. भाव याच वेळेवर, त्या दिवशी गप्पा रंगल्या म्हणून गिऱ्हाइकाला जास्त नाही आणि हात पटापट चालला म्हणून कमीही नाही.

माल वजनकाट्यावर

सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. सेट सुरू करण्याआधी जेलच्या बाटल्या आणि ट्यूब त्यावर ठेवा, संपल्यावर पुन्हा ठेवा. फरक म्हणजे गेलेला माल. पाच-सहा सेटचं असं केलं की अंदाजाची गरज उरत नाही.

आपल्या स्टुडिओचं उदाहरण बघा. टिप्स चिकटवायचं जेल १५ मिलीची बाटली ६०० ला, एका सेटला साधारण २ मिली, म्हणजे ८० रुपये. बेस, रंग आणि टॉप या तिघांची प्रत्येकी १५ मिलीची बाटली ४५० ला. प्रत्येकातून एका सेटला एक मिलीच्या आसपास जातं, तिघांचे मिळून ९०. टिप्सचे २५. फाइल आणि बफर त्या गिऱ्हाइकापुरतेच वापरायचे असतात, त्यांचे ४०. ग्लोव्हज, मास्क, टिश्यू, लिंट-फ्री वाइप्स ३०. डिहायड्रेटर, प्रायमर, तेल आणि ई-फाइलच्या बिटची झीज मिळून २५. बेरीज २९०. यावर दहा टक्के नासधूस, म्हणजे ३२० धरू.

टिप्सबद्दल एक गोष्ट. ५०० टिप्सचा डबा ९०० ला घेतला तर एक टिप दोन रुपयांच्या आत पडते, दहांचे १८. मग मी २५ का धरले? कारण डब्यात सगळे साइझ सारख्या संख्येने असतात, पण बायकांच्या बोटांचे साइझ तसे वाटलेले नसतात. मधले चार-पाच साइझ आधी संपतात आणि टोकाचे साइझ वर्षभर पडून राहतात. त्या पडून राहिलेल्या टिप्सचे पैसेही कुठल्या तरी सेटमधून निघायलाच हवेत.

जीएसटीचंही इथेच. ५६व्या जीएसटी परिषदेच्या निर्णयानुसार २२ सप्टेंबर २०२५ पासून सलून आणि सौंदर्यसेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पण त्याबरोबर मालावर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, गेली. तुमची नोंदणी असो वा नसो, जेलच्या बिलावरचा जीएसटी आता तुमचाच खर्च आहे. म्हणून मालाची किंमत नेहमी करासकट, बिलाच्या खालच्या आकड्यावरून धरा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली की नोंदणी लागते. आपला हा दोन टेबलांचा स्टुडिओ वर्षाला साधारण साडेसोळा लाखांपर्यंत जातो, त्यामुळे तिसरं टेबल टाकण्याआधी सीएला विचारून घ्या.

सेटचा भाव

सीनियरचे दोन तास म्हणजे ८६०. माल ३२०. झाले १,१८०. यात अजून एक भर घालायची आहे. सेट दिल्यावर सात दिवसांत टिप उचलली तर आपण ती फुकट बसवून देतो. ती फुकट नसते, तिचे पैसे बाकीच्या गिऱ्हाइकांनी दिलेले असतात. वीस सेटमागे तीन जणी एकेक नख घेऊन परत येत असतील आणि प्रत्येकीच्या एका नखाला आपला सव्वातीनशेच्या आसपास खर्च होत असेल (तो हिशेब पुढे आहे), तर वीस सेटवर तो वाटून सेटमागे ५० रुपये होतात. आता लागत १,२३०.

नफा २० टक्के हवा. इथे एक नेहमीची गडबड होते. १,२३० मध्ये २० टक्के मिळवले की १,४७६ येतात आणि वाटतं २० टक्के सुटले. पण गल्ल्यात आलेल्या १,४७६ मधले २४६ म्हणजे जेमतेम पावणेसतरा टक्के. विक्रीच्या २० टक्के हवे असतील तर लागतीला ०.८ ने भागायचं: १,५३७. म्हणजे कार्डावर १,५५०. नोंदणी असेल तर ५ टक्के कर त्यावर.

शेजारी ९९९ मध्ये देते, मग? तिच्या ९९९ मध्ये काय आहे ते आधी विचारा. बहुधा लांबी आखूड, रंग साधा, रिमूव्हल वेगळं. तुम्हालाही खालच्या भावाचं काहीतरी हवं असेल तर भाव कापू नका, काम कापा. आखूड टिप, ठरलेल्या दहा रंगांतला एक, एकच आकार. रंग निवडण्याचे दहा मिनिटं आणि घासण्याचे पंधरा वाचले तर तेवढे पैसे खरंच कमी करता येतात.

ज्युनियरचा सेट स्वस्त का असू नये

आता ज्युनियरचा तोच सेट बघा. तीन तास गुणिले २८०, झाले ८४०. सीनियरचे ८६०. फरक वीस रुपयांचा! तिचा तास स्वस्त आहे, पण तिला तास जास्त लागतात, म्हणून सेट तेवढ्यालाच पडतो. माल आणि परतीची तरतूद मिळवली की तिची लागत १,२१०. "ज्युनियरकडून केलं तर ९९९" असं कार्डावर छापलं की प्रत्येक सेटमागे दोनशे रुपये स्टुडिओ गिऱ्हाइकाला देतो, आणि वर तीन तास टेबल अडवतो.

तरी ज्युनियरची सवलत पूर्ण चूक म्हणता येत नाही. मंगळवारी सकाळी अकराला तिचं टेबल रिकामंच असेल तर तिचा पगार आणि भाडं तसंही जाणार आहे. खिशातून नव्याने जातात ते मालाचे ३२०. तेव्हा ९९९ आले तर वरचे पावणेसातशे हाती लागतात, आणि तिचा हातही चालतो. म्हणून सवलत माणसाला न लावता वेळेला लावायची: सोमवार ते गुरुवार, दुपारी तीनपर्यंत सुरू होणारी अपॉइंटमेंट, ज्युनियरच्या टेबलावर. शनिवार-रविवार नाही, नवरात्र-दिवाळीत नाही, लग्नसराईत तर नाहीच. त्या दिवसांत तिने अडवलेल्या तीन तासांत पूर्ण भावाचं काम येऊ शकत होतं.

मग कौशल्याचा भाव कुठे लावायचा? जिथे ज्युनियरने कितीही वेळ घेतला तरी काम बसणार नाही, तिथे. फॉर्म लावून अ‍ॅक्रिलिक किंवा बिल्डर जेलने नख घडवणं, टोकाला वर वळलेली नखं सरळ दिसतील असं बसवणं, दातांनी कुरतडून संपवलेल्या नखांवर एक्स्टेन्शन, लांब स्टिलेटो. अशा कामांचा भाव सीनियरच्या तासावर काढा आणि नफा २० ऐवजी ३० टक्के धरा, म्हणजे ०.८ ऐवजी ०.७ ने भागा. या कामाला गावात चार-पाचच हात असतात, त्यामुळे हा भाव मिळतो. साध्या सेटवर मात्र "सीनियर आर्टिस्ट" म्हणून ३०० जास्त लावणं मला पटत नाही, गिऱ्हाइकाला दोन्ही सेटमध्ये फरक दिसत नाही आणि ती बरोबर असते.

उलट जिथे दोघींच्या वेळेत फार अंतर नाही ती कामं ज्युनियरकडे वळवा. रिमूव्हल, साधं जेल पॉलिश, एका नखाचं रिपेअर. सॉफ्ट जेल काढायला सीनियरला ४५ मिनिटं लागतात आणि ज्युनियरला ५०. भिजवण्याचे पंधरा मिनिटं दोघींना सारखेच, अ‍ॅसिटोन अनुभव बघून लवकर काम करत नाही.

आणि ज्युनियर सीनियर कधी? वर्षं मोजून ठरवू नका. तिचा मधला वेळ सव्वादोन तासांवर आला आणि तिच्या सेटमधले दहातला एकापेक्षा जास्त सात दिवसांत परत येत नसेल, तर तिचा पगार वाढवा. त्या वेळी ती स्टुडिओला खरंच जास्त देत असते.

एक नख तुटलं

"ताई, एकच तर नख आहे, पटकन करून द्या." सेट १,५५० चा, दहा नखं, म्हणजे एका नखाचे १५५ असा तिचा हिशेब. तिच्या बाजूने तो चूक नाही. आपल्या बाजूने काय होतं ते बघा: हात स्वच्छ करणं, उरलेला तुकडा घासून काढणं, तयारी, टिप, क्युअर, आकार, जुना रंग शोधून जुळवणं, टॉप, आवराआवर. सीनियरची ३५ मिनिटं, म्हणजे २५० रुपये. फाइल, ग्लोव्हज, मास्क एका नखासाठीही नवेच उघडावे लागतात, त्यामुळे माल ८०. लागत ३३०, आणि नफ्यासकट भाव चारशेच्या वर. हा भाव कुणी देणार नाही, आणि मागूही नये.

रिक्षात बसल्याबरोबर मीटर पहिल्या दीड किलोमीटरचं भाडं दाखवतं, मग तुम्ही पुढच्या चौकात का उतरेनात. रिपेअरलाही तसंच करा. पहिल्या नखाचे २५०, त्यात बसण्याचा आकार आला. त्याच बैठकीतल्या पुढच्या प्रत्येक नखाचे १५०. पहिल्या नखावर आपण जाणूनबुजून तोटा घेतोय, कारण ते गिऱ्हाईक तीन आठवड्यांनी पुन्हा पूर्ण सेटला येणार आहे. पण तोटा घ्यायचा तर रिकाम्या वेळेत घ्यायचा. रिपेअरला दुपारचे ठरलेले स्लॉट द्या, शनिवारी संध्याकाळी सहाचा नाही. चारपेक्षा जास्त नखं गेली असतील तर रिपेअर करू नका. बाकीचीही त्याच वाटेवर असतात, तिला नवीन सेटचा भाव सांगा. अ‍ॅक्रिलिक किंवा बिल्डर जेल असेल तर रिफिलचा.

दुसऱ्या स्टुडिओने केलेल्या नखाचं रिपेअर ३५० ला, वॉरंटीशिवाय. खाली काय लावलंय, तयारी कशी केली होती, काहीच माहीत नसतं.

आपल्या सेटचं नख सात दिवसांत आलं तर फुकट की पैसे घेऊन? वाद इथेच होतो, आणि तो बोलून सुटत नाही, नख बघून सुटतो. टिप आख्खी निघून आली असेल आणि नैसर्गिक नख जवळपास कोरं असेल, तर तयारी कच्ची होती, आत हवा राहिली होती किंवा क्युअर अपुरं झालं. चूक आपली, फुकट. क्युटिकलकडून कडा उचलली असेल आणि जेल कातडीवर गेलेलं दिसत असेल, तरीही आपली. पण टिप मध्येच मोडली आहे आणि मागचा अर्धा भाग घट्ट बसलेला आहे, तर चिकटलेलं उत्तम होतं. डबा उघडताना किंवा गाडीच्या दारात लागलं असणार. ते पैसे घेऊन. हा फरक सेट देतानाच गिऱ्हाइकाला हातात नख धरून दाखवा, मग आठ दिवसांनी भांडण होत नाही.

नैसर्गिक नखच मुळापाशी फाटलंय, रक्त आलंय, किंवा टिपखाली हिरवट डाग दिसतोय, तर कुठलाही भाव लावू नका. टिप काढून नख मोकळं ठेवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. हिरवा डाग बहुधा ओल अडकून झालेल्या जिवाणूंचा असतो, त्यावर नवीन टिप बसवली की तो आतच वाढतो.

रिमूव्हल: नफा नको, पण फुकटही नको

आपण लावलेलं सॉफ्ट जेल काढायचं असेल तर वरचा थर घासायला दहा मिनिटं, अ‍ॅसिटोनचा कापूस आणि फॉइल लावून पंधरा, सुटलेलं जेल अलगद सरकवायला पाच, बफर आणि तेल दहा, आवरायला पाच, अशी सीनियरची ४५ मिनिटं. ज्युनियरला पन्नास लागतात, त्यांचे साधारण २३५ आणि मालाचे १०५, मिळून ३४०. मी हे काम ३५० लाच ठेवते, इथे नफा धरत नाही. कारण रिमूव्हल महाग वाटलं की मुली घरी बसून टिप उपटतात. नखाचा वरचा थर सोलला जातो, आणि तीच मुलगी पुढच्या आठवड्यात पातळ, जळजळणारी नखं घेऊन नवीन सेटला येते. त्या सेटला वेळही जास्त लागतो आणि तो टिकतही नाही.

नवीन सेट लगेच करायचा असेल तर ग्लोव्हज, फाइल, आवराआवर यांत वाटणी होते. पस्तीस मिनिटं आणि अ‍ॅसिटोन-फॉइलचे ४० धरले की लागत दोनशेच्या आसपास. तेव्हा २०० घ्या. 'नवीन सेटवर रिमूव्हल फ्री' ही पाटी लावायची असेलच तर ते दोनशे सेटच्या भावात आधी घाला. नाहीतर ज्या गिऱ्हाइकाचं काढायला काहीच नाही तिला आणि जिची दहा नखं सोलायची आहेत तिला आपण एकच भाव लावतो. शनिवारी अशा चार जणी आल्या की सव्वादोन तासांहून जास्त, म्हणजे आख्खा एक सेट, हवेत गेला.

दुसरीकडून करून आणलेलं काढायचं काम वेगळं, आणि इथे ठोक भाव सांगणं धोक्याचं आहे. खाली काय आहे हे बघून कळत नाही, गिऱ्हाइकालाही माहीत नसतं. ती "जेल आहे" म्हणते. एका नखाचा वरचा थर घासा, दहा मिनिटं अ‍ॅसिटोनमध्ये ठेवा आणि सरकवणीने हलकेच दाबून बघा. चुरा होऊन पापुद्रे सुटले तर सोक-ऑफ जेल. चिकट, लिबलिबीत झालं तर अ‍ॅक्रिलिक, ते निघेल पण भिजवायला अर्धा तासही लागू शकतो. काहीच झालं नाही तर दोन शक्यता. एक हार्ड जेल, जे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतच नाही, ई-फाइलने घासून पातळ करत न्यावं लागतं. दुसरी, स्वस्त एमएमए मोनोमरचं अ‍ॅक्रिलिक, जे दगडासारखं कडक असतं आणि तासभर भिजवूनही फारसं हलत नाही. ही दोन्ही कामं सीनियरचीच. हार्ड जेल पूर्ण नखापर्यंत घासण्याचा हट्ट धरू नये, शेवटचा पातळ थर ठेवून नख वाढू द्यावं. ज्युनियरच्या हातातली ई-फाइल त्या थरावरून नखात कधी शिरते ते गिऱ्हाइकाला चटका बसल्यावरच कळतं.

म्हणून दर असा: पहिल्या ४५ मिनिटांचे ५००, त्यापुढे दर पंधरा मिनिटांना १३०, आणि सुरू करण्याआधी वरची मर्यादा तोंडी सांगायची. "मॅडम, दहा मिनिटं एक नख भिजवून बघते. जेल असेल तर पाचशेत होईल. कडक निघालं तर नऊशेपर्यंत जाईल, त्याच्या वर नाही. सुरू करू का?" बहुतेक जणी हो म्हणतात. राग येतो तो शेवटी आकडा ऐकल्यावर.

आर्ट नखावर मोजू नका

'आर्ट ५० रुपये नख' ही पाटी सगळीकडे दिसते. क्रोम पावडर घासायला नखाला अर्धं मिनिट लागतं, हाताने काढलेलं मोगऱ्याचं फूल दहा मिनिटं घेतं, आणि दोन्हींचे ५०! सीनियरची दहा मिनिटं नफ्यासकट ९० रुपयांना पडतात. रंग-खडे धरून शंभर म्हणा. मग भाव सोपा: दहा मिनिटांचे १००. नमुन्याचे फोटो दाखवा आणि प्रत्येकाखाली मिनिटं नाही, त्यावरून काढलेली रक्कम लिहा. दोन बोटांवर फुलं २००, दहाही बोटांवर हाताने काढलेलं फ्रेंच ३००. गिऱ्हाईक पिंटरेस्टवरचा फोटो घेऊन आलं तर अंदाज अपॉइंटमेंट देतानाच व्हॉट्सअ‍ॅपवर सांगा, टेबलावर बसल्यावर नाही.

महिन्याच्या शेवटी

वहीत प्रत्येक कामापुढे तीनच गोष्टी लिहा: आलेले पैसे, गेलेला माल, टेबल अडलेली मिनिटं. महिना संपला की कामाच्या प्रकारानुसार, पैशांतून माल वजा करून तासांनी भागा. सीनियरचा सेट तासाला ६१५ दाखवेल, म्हणजे ४३० च्या बराच वर. एका नखाचं रिपेअर सीनियरने केलं तर २९० च्या आसपास, ज्युनियरने केलं तर तिच्या २८० च्याही खाली. ते आपल्याला आधीच माहीत आहे. प्रश्न एवढाच की अशी कामं टेबलाच्या एकूण तासांत किती आहेत. दहा टक्क्यांच्या आत असतील तर चालू द्या. त्याच्या वर गेली तर आधी बघा, परत आलेली नखं कुणाच्या हातची आहेत आणि कुठल्या बाटलीची. एकीच्याच सेटमध्ये क्युटिकलकडून उचलतंय तर तिच्या शेजारी बसून दोन सेटची तयारी बघा. सगळ्यांच्याच टिप्स आख्ख्या निघतायत तर लॅम्प किंवा जेलची नवी बॅच तपासा. आणि यातलं काहीच नसेल, गिऱ्हाइकंच नखांनी डबे उघडत असतील, तर पहिल्या नखाचे २५० चे ३०० करा.